चरचर थांबेपर्यंत: बचत गटाच्या केशतेलाचं एक प्रकरण

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटापुढे बोलायला मला बोलावलं होतं. विषय दिला होता, ‘घरगुती हर्बल केशतेलाचा व्यवसाय सुरक्षितपणे कसा सुरू करावा’. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे परवाने, लेबलं, चाचण्या यांवर तासभर बोलता येईल अशी टिपणं काढून मी गेले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकलेली होती आणि गटातल्या अकराही जणी हजर होत्या. बोलायला उभी राहायच्या आधीच अध्यक्षताईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या नऊ बाटल्या काढून माझ्यासमोर ओळीनं मांडल्या.

“मॅडम, या परत आल्यात. आधी यांचं सांगा.”

टिपणं पर्समध्येच राहिली. पुढचे साडेतीन तास आम्ही त्या नऊ बाटल्यांवरच बोललो. त्या दिवशी जे निघालं आणि नंतरच्या दोन भेटींत जे ठरलं, ते सविस्तर लिहिते आहे, कारण हीच चूक मी आणखी गटांमध्येही पाहिली आहे.

हकीकत अशी. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी गटानं खोबरेल तेलाचे दोन घाणे काढले होते. एका घाण्याला चार किलो तेल. त्यात जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, माका आणि थोडी ब्राह्मी, सगळं ताजं, परसातलं आणि बांधावरचं, मिळून सव्वा किलोच्या आसपास. शिवाय कोरफडीच्या चार मोठ्या पात्यांचा गर. मेथीदाणे मूठभर. शंभर मिलीच्या ब्याऐंशी बाटल्या भरल्या आणि प्रदर्शनात आणि ओळखीपाळखीत जवळपास सगळ्या विकल्या गेल्या. संक्रांतीच्या सुमारास पहिली बाटली परत आली. मग एकेक करत नऊ. तक्रार सगळ्यांची सारखीच होती, वास बदललाय. कुणी म्हणालं आंबूस, कुणी म्हणालं खवट. एका बाईंनी सांगितलं होतं, “कपडे धुवायच्या साबणासारखा वास येतोय.” मला तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

खोबरेल दोन तऱ्हांनी बिघडतं आणि दोन्हींचा वास वेगळा असतो. हवा, उजेड आणि लोखंड-तांब्यासारखा धातू यांच्या संगतीनं तेल हळूहळू खवट होतं. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा जुन्या फरसाणासारखा तो वास आपण सगळ्या ओळखतो. दुसरी तऱ्हा पाण्याची. तेलात पाणी राहिलं, त्यात पाल्याचा चोथा राहिला आणि त्यावर बुरशी धरली, की तेलाची फोड होऊन मोकळी आम्लं सुटतात. खोबरेलात सुटणारी ही आम्लं साबणात असतात त्याच जातीची. म्हणून साबणाचा वास आला की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा.

फेब्रुवारी होता. तेल सकाळी थिजून दुपारी पातळ व्हायचे दिवस. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे दिवाळीनंतरचे दोन महिने त्या बाटल्यांमधलं तेल बऱ्याच घरी पांढरं आणि घट्टच होतं. त्या घट्टपणात पाणी दिसलंच नाही. गिऱ्हाईक बाटली कोमट पाण्यात धरायचं, वरचं विरघळलेलं तेल घ्यायचं आणि बाटली परत फळीवर ठेवायचं. तळाशी काय आहे ते कुणी पाहायला गेलं नाही.

मी शाळेच्या स्वयंपाकघरातून पातेलंभर गरम पाणी मागवलं आणि नऊही बाटल्या त्यात उभ्या केल्या. दहा मिनिटांत तेल पूर्ण पातळ झालं. एक बाटली पुसून उजेडाकडे धरली. तेल ऊन होतं, तरी धुरकट होतं. बाटली तिरकी केली, तर तळाच्या कोपऱ्यात बारीक बारीक थेंब एकत्र येऊन मोहरीएवढा गोळा झाला आणि तेलाखालून घरंगळला. त्याच्या कडेला काळपट तंतू चिकटलेले होते. बाटली हातोहात फिरली. कुणी काही बोललं नाही.

ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. थंडीत तेल थिजलं तर तो दोष नाही, खोबरेलाचा स्वभाव आहे. ते ऊन केल्यावर काचेसारखं स्वच्छ झालं पाहिजे. ऊन असतानाही गढूळ राहिलं, तर आत पाणी आहे किंवा गाळ आहे.

पाणी आलं कुठून

आता पाणी शोधायचं होतं. गटातल्या बायकांना वाटत होतं की पाणी घातलेलंच नाही, तर येईल कुठून. मी विचारलं, सव्वा किलो पाला वाळवला असता तर किती राहिला असता? एक काकू भाजी वाळवणाऱ्या, त्यांनी लगेच सांगितलं, “पावकिलोच्या वर नाही राहायचा.” म्हणजे किलोभर पाणी त्यांनी स्वतःच्या हातांनी तेलात घातलं होतं. वरून कोरफडीचा गर, जो जवळजवळ सगळाच पाणी असतो.

मग ते उकळून गेलं कसं नाही? इथे खरी चूक सापडली. आधी या गटातल्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढचं, घरी असंच तेल काढायच्या आणि ते वर्षभर टिकायचं. दिवाळीच्या घाण्याला मात्र तरुण मुलींनी मोबाईलवर बघितलेली पद्धत वापरली. एका पातेल्यात पाणी उकळायचं, त्यावर दुसऱ्या पातेल्यात तेल आणि पाला ठेवायचा, म्हणजे ‘वनस्पतींचे गुण जळत नाहीत’. ही पद्धत चांगलीच आहे, पण वाळलेल्या वनस्पतींसाठी. उकळत्या पाण्यावर ठेवलेलं तेल शंभर अंशांपर्यंत कधी पोचतच नाही. वाळलेल्या पाल्याला तेवढी ऊब पुरते. ताज्या पाल्यातलं पाणी मात्र त्या उष्णतेला पूर्ण निघत नाही, तेलात बारीक थेंब होऊन अडकून बसतं. दीड तास ठेवलं, पाला मऊ झाला, तेल हिरवं झालं, गाळलं आणि त्याच संध्याकाळी भरलं.

आणखी एक जागा होती. बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, पण रात्रभरच. अरुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली आतून एका रात्रीत वाळत नाही. बाटलीत पाण्याचे दोन थेंब राहिले तरी बुरशीला तेवढे पुरतात.

मग मी आजींना विचारलं, तुम्हाला तेल झालं हे कळायचं कसं? त्या म्हणाल्या, “चरचर थांबली की झालं. आन् पाला बोटावर घेऊन वळायचा. वात वळली, की उतरवायचं.”

आजींनी जे सांगितलं ते आयुर्वेदाच्या ग्रंथांत तेल सिद्ध झाल्याची लक्षणं म्हणून दिलेलं आहे. तेलातला कल्क, म्हणजे वाटून घातलेली वनस्पती, दोन बोटांत वळला तर त्याची वात व्हावी. तो विस्तवावर टाकला तर आवाज होऊ नये. आणि तेलावर फेस यावा. तूप कढवताना उलट होतं, तिथे फेस बसला की तूप झालं समजतात. त्याच ग्रंथांत प्रमाणही आहे. कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा रस सोळा भाग. म्हणजे तेलाच्या चौपट पाणी घालायचं आणि ते सगळं आटवायचं, असा तो हिशेब. जुन्या माणसांनी ओली वनस्पती वापरली, पण पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. चरचर म्हणजे पाण्याचा थेंब तापलेल्या तेलात वाफ होऊन फुटतो त्याचा आवाज. आवाज थांबला की थेंब संपले.

आम्ही तिथेच पळीभर तेल, परत आलेल्या बाटलीतलं, गॅसवर धरलं. पळी तापताच ते चरचरू लागलं, मग तडतडलं आणि एक शिंतोडा माझ्या मनगटावर उडाला. नंतर दुकानातलं साधं खोबरेल तसंच तापवलं. ते गुपचूप तापत राहिलं.

नवीन घाणा

दुसऱ्या भेटीत आम्ही एकत्र घाणा काढला. दोन रस्ते होते. आजींच्या पद्धतीनं ओला पाला आटवायचा, किंवा पाला आधी वाळवायचा. मी वाळवण्याच्या बाजूनं होते आणि अजूनही आहे. ओला पाला नीट आटवायला अनुभवी कान लागतो. शेवटच्या टप्प्यात जरा दुर्लक्ष झालं की पाला करपतो आणि तेलाला जळका वास येतो. विक्रीसाठी दर वेळी सारखंच तेल लागतं. एकीच्या कानावर सगळा धंदा टाकला, तर त्या आजारी पडल्या की घाणा बंद.

माका, ब्राह्मी, कढीपत्ता आणि जास्वंद निवडून, धुऊन, सावलीत मलमलच्या कपड्यावर पातळ पसरले. पाच दिवसांनी कढीपत्ता हातात चुरला की कुरकुर वाजत मोडत होता. जास्वंदीची फुलं मात्र अजून लवत होती, त्यांना आणखी दोन दिवस लागले. पान वाकलं तर ओलं, मोडलं तर वाळलं, हीच कसोटी धरली. कोरफड काढूनच टाकली. तिचा गर तेलात विरघळत नाही, त्याचं पाणी आटलं की पातेल्यात उरतो तो करपट चोथा.

चार किलो खोबरेलाला तीनशे ग्रॅम वाळला पाला घेतला. जास्त घातला तर तेल पाल्यातच अडकतं. गटाकडची लोखंडी कढई बाजूला ठेवली आणि स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घेतलं. लोखंडी कढईत तेल काळं होतं आणि बायकांना तो काळेपणा औषधी वाटतो, हे मला माहीत आहे. पण लोखंडाचा अंश तेलात उतरला की ते लवकर खवट होतं. स्वतःच्या घरी महिनाभरात संपवायचं असेल तर चालेल. सहा महिने फळीवर राहणाऱ्या बाटलीला नाही चालत.

पातेल्यात थर्मामीटर लावला, स्वयंपाकासाठी मिळतो तो, काचेचा नव्हे. ओल असेपर्यंत तेलाचा पारा शंभर-एकशे पाचच्या आसपास घुटमळतो, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी संपलं की तो एकदम चढू लागतो. वाळलेल्या पाल्यातही थोडी ओल असतेच, त्यामुळे आमचा पारा काही मिनिटं अडखळला, मग सरसर एकशे दहावर गेला. एकशे पंधराला गॅस बंद केला. आजी शेजारी बसून होत्या. पारा चढायला लागला त्याच्या जरा आधी त्या म्हणाल्या, “थांबलं बघा.” सचिवताईंनी वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या, आकडा आणि आवाज.

तेल झाकून पूर्ण गार होऊ दिलं. गरम तेल बाटलीत भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि गार झाल्यावर तिचं पाणी होऊन तेलातच पडतं. गार तेल चौपदरी मलमलमधून गाळलं आणि दोन दिवस स्टीलच्या डब्यात हलवाहलव न करता ठेवलं. वरचं स्वच्छ तेल काढून घेतलं आणि तळाचं दोन बोटं तेल भरायला घेतलं नाही. ते गटातल्याच जणींनी आपापल्या डोक्याला लावून संपवलं. ई जीवनसत्त्वाचं तेल किलोमागे दोन ग्रॅम घातलं. त्यानं खवटपणा लांबतो. बुरशी थांबत नाही, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण बाजारात ते सगळ्यावरचा उपाय म्हणून विकलं जातं.

भरताना आणखी एक गोष्ट निघाली. दिवाळीच्या बाटल्या डोळ्यांच्या अंदाजानं भरल्या होत्या. एक न वापरलेली बाटली अध्यक्षताईंच्या घरी होती. ती वजन केली, मग रिकामी करून, पुसून पुन्हा वजन केली. तेल भरलं छ्याऐंशी ग्रॅम. खोबरेल पाण्याहून हलकं असतं, शंभर मिलीचं वजन ब्याण्णव ग्रॅमच्या आसपास होतं. म्हणजे लेबलावर शंभर लिहून आत त्र्याण्णव-चौऱ्याण्णव मिली होतं. कुणी फसवायला केलं नव्हतं, पण वजनमापाच्या कायद्याला हेतूशी देणंघेणं नसतं. आता काट्यावर रिकामी बाटली ठेवून शून्य करायचं आणि ब्याण्णव ग्रॅमला थांबायचं, असं ठरलं. किलो म्हणजे लिटर असा जो हिशेब वहीत होता तोही सुधारला. चार किलो म्हणजे साधारण चार लिटर साडेतीनशे मिली. त्यातलं पाल्यात आणि तळाशी गेलेलं वजा जाता आमच्या अडतीस बाटल्या झाल्या. किमतीचं गणित त्या अडतीसवर मांडायचं.

प्रत्येक घाण्याला क्रमांक दिला आणि त्यातली एक बाटली विकायची नाही, तारीख घालून कपाटात ठेवायची. दर महिन्याला ती उघडून वास घ्यायचा आणि ऊन करून उजेडात पाहायची. तेल किती महिने टिकतं हे दुसऱ्याच्या बाटलीवर वाचून आपल्या बाटलीवर छापायचं नाही, ते या कपाटातल्या बाटलीनं सांगायचं.

बिब्बा, गुंज आणि सीताफळाच्या बिया

पहिल्याच दिवशी, बोलणं संपत आलं असताना मागून एक ताई उठल्या. त्यांच्या सासूबाई तेलात बिब्बा घालायच्या, केस काळेभोर राहायचे, तर आपण घालू या का? दुसरीनं गुंजेच्या बिया सुचवल्या. तिसरी म्हणाली, इथे सीताफळाचं पीक भरपूर, बिया फुकट मिळतात, उवांचं तेल काढलं तर शाळेतल्या पोरींसाठी हातोहात खपेल.

या तिन्हींना मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि कारणं सविस्तर सांगितली, कारण नुसत्या नाहीनं घरची रीत मोडत नाही. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, पाणी सुटतं. बिब्बा उतला हे शब्द गावात सगळ्यांना माहीत आहेत. सासूबाईंना सोसला म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाला सोसेल असं नाही. गुंजेच्या बीमध्ये जे विष आहे ते अत्यंत जहाल आहे, फुटलेली बी पोरानं चघळली तर जिवावर बेतू शकतं. धोतऱ्याचंही तेच. आयुर्वेदात ही द्रव्यं आहेत, पण ती शोधन करून, म्हणजे विषारीपणा कमी करून, वैद्याच्या देखरेखीखाली. औषध नियमांत विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि भल्लातक म्हणजे बिब्बा, गुंज आणि धोतरा हे तिन्ही तिच्यात आहेत.

सीताफळाच्या बियांबद्दल मी जास्त वेळ घेतला, कारण तिथेच मोह जास्त होता. त्या बियांनी उवा मरतात हे खरं आहे. पण डोक्याला लावलेलं तेल घामाबरोबर किंवा अंघोळीच्या पाण्याबरोबर डोळ्यात उतरतं, आणि सीताफळाच्या बीनं बुबुळाचा पडदा सोलवटून निघतो. उवांसाठी ही पूड लावून डोळे लाल, सुजलेले, उघडत नाहीत अशा अवस्थेत आलेले रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांना आपल्या देशात पाहायला मिळतात. शाळेतली मुलगी आणि तिचा डोळा, एवढं म्हटल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. शिवाय उवा मारतो म्हटलं की ते तेल सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध होतं आणि त्याचा परवानाच वेगळा.

भीमसेनी कापूर घालायचा का, असंही विचारलं गेलं. मी नको म्हटलं. लहान मुलानं कापूर पोटात घेतला तर झटके येऊ शकतात आणि तेलाची गोड वासाची बाटली मुलांच्या हाती लागतेच. कापराशिवाय या तेलाचं काही अडत नाही.

उरलेल्या साध्या वनस्पतींनीही कुणाला तरी खाज उठू शकते. परत आलेल्या बाटल्यांपैकी एका बाईंची तक्रार वासाबरोबर टाळू चुरचुरल्याचीही होती. म्हणून पहिल्यांदा वापरणाऱ्यानं कोपराच्या आतल्या बाजूला चार थेंब लावून दोन दिवस थांबावं, ही ओळ लेबलावर आली. कोंड्यावर उपाय म्हणून तेल विकायचं नाही, हेही ठरलं. कोंड्याशी ज्या बुरशीचा संबंध आहे ती तेलातल्या आम्लांवरच जगते, त्यामुळे बऱ्याच जणांचा कोंडा तेलानं वाढतो.

लेबल आणि परवाना

जुन्या लेबलावर लिहिलेलं होतं: ‘100% आयुर्वेदिक. 15 दिवसांत केस गळती बंद. टकलावर नवीन केस. कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’ छापखान्यातल्या मुलानं दुसऱ्या कुठल्या तरी बाटलीवरून उतरवून दिलं होतं.

यातली एकही ओळ ठेवता येत नाही. आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छता, सौंदर्य, रूप खुलवणं यासाठी लावायची वस्तू. रोग किंवा त्रास बरा करतो म्हटलं की ती वस्तू औषधाच्या घरात जाते. टक्कल घालवणं आणि नवीन केस उगवणं हे तर औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत आहे, म्हणजे परवाना असलेल्या औषधालाही तसा दावा करायला मनाई आहे. ‘आयुर्वेदिक’ लिहायचं तर आयुर्वेदिक औषधाचा वेगळा परवाना, त्याची वेगळी जागा आणि वेगळी माणसं लागतात. गटाला ते झेपणारं नव्हतं आणि गरजही नव्हती. नवीन ओळ सचिवताईंनी सुचवली, ‘जास्वंद, माका, ब्राह्मी व कढीपत्ता घातलेले खोबरेल. केस मऊ व चमकदार दिसण्यासाठी.’ तिच्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

परवान्याबद्दल मात्र मला कडू बोलावं लागलं. उद्यम नोंदणी झाली होती आणि तिचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं होतं. तोच परवाना, अशी सगळ्यांची समजूत होती. अन्नपदार्थांची नोंदणी घ्या, असंही कुणी तरी सांगितलं होतं. पण ती खाण्याच्या वस्तूंची, तेल डोक्याला लावायचं आहे. विकण्यासाठी केशतेल बनवायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम 2020 खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना लागतो. अर्ज COS-5 या नमुन्यात करायचा आणि परवाना COS-8 मध्ये मिळतो. घरगुती आहे, छोटं आहे, बायकांचं आहे, म्हणून सूट नाही. दिवाळीच्या ब्याऐंशी बाटल्या कायद्याप्रमाणे विकायलाच नको होत्या. हे ऐकून व्हरांड्यात बराच वेळ शांतता होती.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. उत्पादनाची जागा राहत्या घरात चालत नाही, घराला आतून जोडलेलीही चालत नाही. केशतेलासाठी पंचवीस चौरस मीटर जागा असावी अशी नियमांत शिफारस आहे, म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फूट. भिंती-फरशी धुता येण्यासारखी, पाणी आणि हात धुण्याची सोय असलेली. शिवाय पूर्णवेळ काम पाहणारी एक जाणकार व्यक्ती हवी. इथे सगळ्यांनी आशा सोडली होती, कारण त्यांना वाटलं डॉक्टर किंवा फार्मसीची पदवी लागणार. फार्मसीची पदविका चालतेच, पण बारावीला रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेली व्यक्तीही चालते. अध्यक्षताईंची धाकटी सून सतरंजीच्या टोकाला मांडीवर मूल घेऊन बसली होती. ती बारावी सायन्स. सासूबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, “माझं मार्कशीट माहेरी आहे, आणायला लागेल.”

दुसरी वाट अशी की गटानं पाककृती ठरवायची आणि परवाना असलेल्या कारखान्याकडून तेल बनवून घ्यायचं. बाटलीवर उत्पादक म्हणून त्यांचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, विक्री करणारा म्हणून गटाचं नाव. ही वाट लवकर सुरू होते. पण कारखान्याला एका खेपेला मोठा माल हवा असतो, आणि घाणा काढण्याचं काम, म्हणजे या बायकांची मजुरी, हातची जाते. गटानं दोन्ही बाजू मांडून मतं घेतली. आठ जणी स्वतःच्या परवान्याच्या बाजूनं, तीन कारखान्याच्या.

तिसऱ्या भेटीपर्यंत जागा सापडली होती. गावातली दूध संकलनाची जुनी खोली, फरशी चांगली, पाण्याचा नळ आत, छत मात्र गळकं. ग्रामपंचायतीशी भाड्याचं बोलणं चालू आहे. लेबलाचा मसुदा पक्का झाला आहे. त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ मिली, बॅच क्रमांक, बनवल्याचा महिना, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन आणि परवाना क्रमांकाची मोकळी जागा, एवढं आहे. ‘फक्त बाहेरून वापरासाठी, मुलांपासून दूर ठेवा’ ही ओळ मोठ्या अक्षरात. घाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा आहे, ओलावा, आम्लता, खवटपणा आणि जंतू पाहण्यासाठी. त्याचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून काढायचं ठरलं.

अर्ज अजून गेलेला नाही, छत दुरुस्त झाल्यावर जाईल. परत आलेल्या नऊ बाटल्यांचे पैसे गटानं घरोघरी जाऊन दिले आणि उरलेल्या गिऱ्हाइकांना ते तेल वापरू नका म्हणून फोन केले. तोवर विक्री बंद, घाणा फक्त अकरा घरांपुरता. कपाटातल्या पहिल्या बाटलीला गेल्या आठवड्यात चार महिने झाले. सुनेनं ती ऊन करून उजेडात धरली, फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘स्वच्छ आहे. वास नारळाचा. आजींनी वात लावून बघितली, वाजली नाही.’